खालचा कप्पा

माझ्या लहानपणी एक मे म्हणजे निकाल. सकाळी सात वाजता शाळेच्या पटांगणात झेंडावंदन, उन्हात उभ्याउभ्या कुणा पाहुण्यांचं भाषण, मग वर्गात बाई एकेकाचं नाव घेऊन प्रगतिपुस्तक द्यायच्या. शेवटच्या पानावर 'वरच्या वर्गात' असे दोन शब्द दिसले की आपण सुटलो. त्या भाषणात 'एकशे पाच हुतात्मे' हे शब्द दरवर्षी यायचे आणि ते आम्ही दरवर्षी ऐकायचे नाही, कारण डोक्यात गणिताचे गुण फिरत असायचे. पुढे कितीतरी वर्षं 'महाराष्ट्र दिन' म्हटलं की मला आधी खाकी पुठ्ठ्याचा वास यायचा, राज्यबिज्य नंतर.

आजीचा मात्र एक मेशी काही संबंध नव्हता. ती गिरगावातल्या चाळीत लग्न होऊन आली ती १९५५ साली. आमच्या डोंबिवलीच्या घरी राहायला आली की कधीतरी, बहुतेक वेळा लसूण सोलताना, ती सांगायची: "तेव्हा आम्ही आठ दिवस खिडकी उघडली नव्हती." तेव्हा म्हणजे कधी, असं विचारलं तर म्हणायची, "अगं, ते रेडिओवर नेहरू बोलले ना, त्याच्यानंतर. संक्रांत नुकती झाली होती." तारीख तिने कधीच सांगितली नाही. चाळीतल्या बायकांनी दूध कसं वाटून घेतलं, अश्रुधुराने डोळे चुरचुरायला लागले की कांदा कसा नाकाशी धरायचा, रात्री गॅलरीत उभं राहणाऱ्यांना पुरुषमंडळी आत कशी ओढायची, एवढंच.

ती सांगत होती ती तारीख १६ जानेवारी १९५६. त्या दिवशी नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला आणि पुढचा आठवडाभर मुंबईत गोळीबार होत राहिला. शाळेतल्या एक मे मध्ये हा आठवडा कुठेच नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या एकाच लढ्याच्या या दोन आठवणी एकाच घरात, एकाच ओट्यापाशी होत्या आणि तरी एकमेकींना ओळखत नव्हत्या. हे असं का होतं, याचा विचार मी बराच काळ करते आहे, आणि मला उत्तर सापडलं ते थोडं आडवाटेला.

कोकणात किंवा देशावर एखाद्या जुन्या देवळाच्या आवारात उभे दगड दिसतात. काही शेंदूर फासलेले, काही अर्धे जमिनीत गाडले गेलेले. ते वीरगळ. लढाईत, बऱ्याचदा गावाची गुरं सोडवताना मेलेल्या माणसाचं स्मारक. त्याची मांडणी ठरलेली असते आणि तो खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या कप्प्यात वीर आडवा पडलेला, कधी बाजूला गुरं. त्याच्या वर लढाई. तिच्यात वीर असतो आणि त्याला मारायला आलेले लोकही असतात, हातात ढाल-तलवारी घेऊन. त्याच्या वर अप्सरा त्याला उचलून नेताहेत. आणि सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्यावर कलश, दोन बाजूंना चंद्र आणि सूर्य. चंद्रसूर्य असेतो ही आठवण राहील, असा त्याचा अर्थ. वीरगळावर बहुधा नाव नसतं. कोण मेला ते कळत नाही. पण कसा मेला, कुणाशी लढताना मेला, हे दगड न लाजता सांगतो.

आता हुतात्मा चौकात जाऊ.

माझे बाबा पंचवीस वर्षं त्या भागात नोकरीला होते आणि त्यांनी कधीही 'हुतात्मा चौक' म्हटलं नाही. ते 'फाउंटनला' उतरायचे. ते कारंजं १८६४ सालचं. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली. तिच्या 'चर्च गेट' नावाच्या वेशीच्या जागी हे उभं राहिलं. वेस गेली, तिचं नाव तेवढं रेल्वे स्टेशनला राहिलं. कारंज्यावर फ्लोरा ही रोमन फुलांची देवी, इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडात कोरलेली. म्हणजे मुळात ती जागाच एक आठवण पाडून दुसरी बांधलेली. त्या देवीच्या शेजारी नंतर हुतात्म्यांचं स्मारक आलं: एक शेतकरी, एक कामगार, हातात मशाल. चौकाचं नाव बदललं, बसच्या पाट्यांवर बदललं, पत्त्यांत बदललं. पण टॅक्सीवाल्याला आजही 'फाउंटन' म्हटलं की जास्त लवकर कळतं.

यात हुतात्म्यांचा अपमान शोधायचं कारण नाही. नावं अशीच चालतात. तिथून जरा चालत गेलं की काळा घोडा. तो घोडा सातव्या एडवर्डचा, राजासकट, सर आल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला. १९६५ साली राजा आणि घोडा दोघांनाही उचलून भायखळ्याला राणीच्या बागेशी नेऊन ठेवलं. पुढची बावन्न वर्षं त्या जागी घोडा नव्हता आणि तरी सगळी मुंबई त्या जागेला काळा घोडाच म्हणत राहिली. २०१७ साली शेवटी स्वार नसलेला एक नवा घोडा तिथे आणून उभा केला, म्हणजे नावाला पुतळा मिळाला! एकीकडे पुतळा गेला नि नाव राहिलं. दुसरीकडे पुतळा आला आणि नावाला अजून रोज थोडं ढकलावं लागतं. आठवण दगडात नसते, ती तोंडात असते. दगडाचं काम फक्त तोंडाला एक निमित्त देणं. त्यामुळे निमित्ताला काय दिलं आणि काय दिलं नाही, हे पाहणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तर त्या चौकात काय झालं? राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५च्या शरदात आला. त्यात विदर्भ वेगळा आणि उरलेला महाराष्ट्र नि गुजरात एकत्र द्वैभाषिक, असं सुचवलं होतं. त्यावरून गदारोळ झाल्यावर काँग्रेसने तीन राज्यांचा तोडगा काढला: महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर वेगळं. मुंबईशिवाय महाराष्ट्र, हे कामगारवस्तीला मान्य होण्यासारखं नव्हतंच. २० नोव्हेंबरला चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, संप आणि विधिमंडळावर मोर्चा. विधिमंडळ तेव्हा रीगल सिनेमाजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरायचं. मोर्चा फ्लोरा फाउंटनपाशी अडवला गेला, लाठी झाली, अश्रुधूर झाला आणि मग गोळीबार. पंधरा माणसं गेली. मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते, पोलीस त्यांच्या सरकारचे होते. ज्या इमारतीकडे तो मोर्चा निघाला होता, त्या इमारतीत आज महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, तरी मी तिथून जाताना प्रत्येक वेळी माझं पाऊल जरा अडखळतं.

हे सगळं डोक्यात ठेवून स्मारकाकडे पाहा. शेतकरी आणि कामगार ताठ उभे आहेत, मशाल वर आहे. दोघेही जिवंत आहेत. कुणी पडलेलं नाही. समोर कुणी बंदूक धरलेली नाही. वीरगळाच्या भाषेत सांगायचं तर खालचे दोन कप्पे नाहीतच, फक्त वरचा आहे. एक मेच्या भाषणातही तीच वाक्यरचना असते: "एकशे पाच जणांनी बलिदान दिले", "प्राणांची आहुती दिली". मराठीतलं हे 'देणं' फार सोयीचं क्रियापद आहे. दिलं म्हटलं की घेतलं कुणी, हे विचारायची गरज उरत नाही.

शिल्पकाराला किंवा भाषण करणाऱ्याला दोष द्यावा, असं मला वाटत नाही. कारण साधं आहे. गोळीबार काँग्रेसच्या सरकारने केला, आणि राज्य झाल्यावर सत्तेत आलं तेही काँग्रेसचंच सरकार. यशवंतराव चव्हाणांनी १९५५च्या डिसेंबरात फलटणला संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंचं नेतृत्व मोठं, अशा अर्थाचं बोलून लढणाऱ्यांचा रोष ओढवून घेतला होता. तेच यशवंतराव १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. मरणाऱ्यांना मान देणं भागच होतं, नाहीतर मुंबईत तोंड दाखवणं कठीण. मारणाऱ्याचं नाव घेणं मात्र घरातलीच धुणी चव्हाट्यावर धुण्यासारखं होतं. मग उरते ती मशाल. विरोधकांनाही हे पुढे सोयीचं पडलं असावं: संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस एस. एम. जोशी आणि मोरारजीभाई १९७७ साली एकाच जनता पक्षात होते. राजकारणात माणसं पुढे जातात आणि पुढे जायला खालचा कप्पा झाकलेलाच बरा असतो.

त्याच दिवसाची दुसरी प्रतिमा आहे मंगल कलशाची. 'यशवंतरावांनी महाराष्ट्राचा मंगल कलश आणला', हे वाक्य इतकं रुळलंय की दिल्लीहून खरोखर एखादा तांब्या आला असावा, असं मला लहानपणी वाटायचं. कलश आणि मशाल या दोन वस्तू शेजारी ठेवून बघा. मशाल म्हणते लढून घेतलं. कलश म्हणतो वडीलधाऱ्यांनी प्रसन्न होऊन दिलं. गेली साठ-पासष्ट वर्षं राजकीय पक्ष आपापल्या वंशावळीप्रमाणे यांतली एकेक वस्तू उचलून घेतात. भाषण ऐकून वक्ता कुठल्या घरचा ते ओळखता येतं.

आणि ज्या गोष्टीने बहुधा सगळ्यात जास्त काम केलं, तिचं चित्र या दोन्हींत नाही. ती म्हणजे मतपेटी. १ नोव्हेंबर १९५६ला द्वैभाषिक मुंबई राज्य आलं आणि चारेक महिन्यांत निवडणूक झाली. काँग्रेसला बहुमत मिळालं ते मुख्यतः गुजरात, विदर्भ, मराठवाडा यांच्या जोरावर. पश्चिम महाराष्ट्रात समितीने तिचा धुव्वा उडवला. समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एका चिन्हाखाली नसले तरी एका मांडवाखाली आले होते. एकीकडे गुजरातेतही असंतोष, इकडे हे. हे राज्य असंच चालवलं तर पुढची निवडणूक जड जाईल, हा हिशोब दिल्लीला कळला. १९५९ साली काँग्रेसच्या अध्यक्ष असलेल्या इंदिरा गांधींनी विभाजनाच्या बाजूने वजन टाकलं, त्यामागे हा हिशोब होता. पण मतपेटीचा पुतळा कोण उभारणार? तिच्यात रक्त नाही, तिला मशालीसारखा आकारही नाही. जी गोष्ट दिसायला साधी, ती सामूहिक आठवणीतून पहिली गळते.

पुतळ्यांवरून सांगायचं तर एक प्रसंग मला फार आवडतो. ३० नोव्हेंबर १९५७ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण करायला आले. पुतळा सतराव्या शतकातल्या राजाचा, पण त्या दिवशी गडाच्या वाटेवर जे चाललं होतं ते पक्कं १९५७चं होतं. समितीने काळी निशाणं घेऊन हजारो माणसं रस्त्यावर आणली होती. तिकडे सरकार म्हणत होतं, पाहा, नेहरू महाराजांना वंदन करताहेत. इकडे समिती म्हणत होती, आधी महाराष्ट्र द्या आणि मग वंदन करा. आज त्या पुतळ्यासमोर शाळेच्या सहली फोटो काढतात. गाइड अफजलखानाची गोष्ट रंगवून सांगतो, काळ्या निशाणांचं नावही काढत नाही. पुतळा ज्याचा असतो त्याच्याविषयी बोलतो; ज्यांनी तो उभारला आणि ज्यांनी त्याला विरोध केला, त्यांच्याविषयी गप्प राहतो. खरं तर ती दुसरी गोष्ट जास्त कळण्यासारखी असते.

आता सुट्टीकडे. २१ नोव्हेंबरला सुट्टी नाही. त्या दिवशी सकाळी चौकात पुष्पचक्रं वाहिली जातात, मानवंदना होते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक फोटो येतो. लोकल नेहमीच्याच गर्दीने भरलेल्या असतात. सुट्टी एक मेला. मुंबई पुनर्रचना कायद्यात राज्य अस्तित्वात येण्याचा दिवस म्हणून १ मे १९६० लिहिलं गेलं, आणि योगायोगाने म्हणा किंवा विचाराने म्हणा, तो कामगारदिनही होता. शिकागोच्या कामगारांनी १८८६ साली आठ तासांच्या दिवसासाठी संप केला त्याची आठवण. गिरणगावातल्या माणसाला ही जोडी छान जमली असणार: आपलाच दिवस, आपलंच राज्य. पण एकाच चौकटीत दोन तसबिरी बसवल्या की एक मागे जाते. माझ्या वर्गातल्या कुणालाही शिकागो माहीत नव्हतं. आणि गिरण्या गेल्यावर 'कामगार' हा शब्द शासकीय शुभेच्छापत्रापुरता उरला.

सुट्टी मिळते निकालाच्या दिवसाला, पेपराच्या दिवसाला नाही. असं लिहिताना मला शाळेचा निकाल आठवून हसू येतंय, पण ते खरंच तसं आहे. राज्य मिळालं तो दिवस गोड आहे, त्याला झेंडा शोभतो, संचलन शोभतं. गोळीबाराच्या दिवशी शाळेच्या मुलांसमोर काय करायचं? बाईंना प्रश्न विचारले जातील. कुणी मारलं, का मारलं, त्यांना शिक्षा झाली का. एक मेला असे प्रश्न पडत नाहीत. उलट प्रश्न पडू नयेत एवढी ती सकाळ भरलेली असते: झेंडा, भाषण, निकाल, घरी श्रीखंड.

दिवसाचं जे, तेच जागेचं. २१ नोव्हेंबरला फाउंटनपाशी गेले पंधरा. हुतात्म्यांच्या यादीतली मोठी संख्या जानेवारी १९५६ची, आणि ती माणसं फाउंटनला नाही मेली. ती गिरगावात, लालबाग-परळकडे, दादरला, आपापल्या गल्लीत मेली. स्मारक पहिल्या जागी झालं, मोठा चौक, मध्यवर्ती वस्ती, पुष्पचक्र वाहायला गाड्या येण्यासारखी जागा. ते बरोबरच आहे, स्मारक कुठेतरी एकाच ठिकाणी हवं. पण त्यामुळे सगळी आठवण तिथे गोळा झाली आणि चाळींच्या गल्ल्या मोकळ्या झाल्या. आजीला हुतात्मा चौक म्हटलं की काहीच आठवायचं नाही. तिची आठवण त्या बंद खिडकीत होती आणि खिडकीला पाटी नव्हती.

मॉरिस हाल्बवॉक्स नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली मांडलं होतं, की माणूस एकटा आठवत नाही. घर, जात, देऊळ, गाव यांनी दिलेल्या चौकटीत आठवतो, आणि चौकट गेली की आठवणही विरते. आजीची चौकट चाळ होती. चाळ पुनर्विकासात गेली. राज्याची चौकट मात्र टिकली, कारण तिला दर वर्षी तोच दिवस आणि तोच चौक मिळत राहिला.

चौकट बदलली की तीच तारीख कशी उलटी होते, हे पाहायचं तर बेळगावला जावं. १ नोव्हेंबर हा कर्नाटकात राज्योत्सव, सार्वजनिक सुट्टी, लाल-पिवळे झेंडे, मिरवणुका. १९५६च्या त्याच दिवशी भाषावार राज्यं अस्तित्वात आली. त्याच शहरात, त्याच दिवशी महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिवस पाळते. एकाच रस्त्याच्या दोन टोकांना एकाच तारखेचे दोन अर्थ. आणि तिथला हुतात्मा दिन १७ जानेवारीचा, १९५६च्या गोळीबाराचा. आपल्या हुतात्म्यांच्या यादीत बेळगावचे मारुती बेन्नाळकर, मधुकर बांदेकर, लक्ष्मण गावडे, महादेव बारीगडी आहेत. निपाणीच्या कमलाबाई मोहिते आहेत. ही माणसं ज्या मागणीसाठी गेली ती त्यांच्या गावापुरती आजही पुरी झालेली नाही. मुंबईकरासाठी ती यादी जिंकलेल्या लढ्याची आहे, बेळगावकरासाठी न संपलेल्या. पलीकडच्या बाजूलाही आठवण बांधली जाते: कर्नाटकाने २०१२ साली बेळगावात सुवर्ण विधानसौध उभं केलं आणि २०१४च्या १ नोव्हेंबरपासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. तारीख निवडण्यात किती अर्थ भरलेला असतो, ते इथे कळतं.

गुजरातेतही १ मे हाच स्थापना दिन, पण तिथल्या आठवणीत फाउंटन नाही. तिथे ८ ऑगस्ट १९५६ आहे. त्या दिवशी अहमदाबादेत काँग्रेस भवनासमोर महागुजरातची मागणी करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. दोन वर्षांनी त्याच जागी लोकांनी त्यांची 'खांभी' उभी केली, सरकारने ती हटवली आणि इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली नुसत्या त्या दगडासाठी कित्येक महिने सत्याग्रह चालला. खांभी म्हणजे काय? सौराष्ट्रातला वीरगळ. हे कळलं तेव्हा मी हातातलं काम ठेवून थोडा वेळ बसून राहिले. दोन भाषांचे लोक एकमेकांपासून वेगळं व्हायला भांडत होते, गोळ्या झाडणारं सरकार दोघांनाही एकच होतं, आणि मेलेल्यांसाठी दोघांच्या पोटात एकाच जातीचा दगड होता. ज्या जागी माणूस पडला त्याच जागी दगड हवा, हा त्या सत्याग्रहाचा हट्ट होता. सरकारला दगडाची नाही, त्या जागेची भीती वाटत होती.

आपल्याकडची यादी मी नीट वाचली ती फार उशिरा, चाळिशी उलटल्यावर. तोवर 'एकशे पाच' हा माझ्यासाठी एक शब्द होता, पंचवीस-तीसच्या पाढ्यातल्यासारखा. शिवाय तो आकडाही स्थिर नाही. जुन्या भाषणांत १०५, पुष्कळ ठिकाणी १०६, अलीकडे १०७. या मोजदादीवर वाद घालणारे लोक मला आवडतात, कारण आकडा गोठला की नावं मरतात, आणि वाद चालू असला की कुणीतरी यादी काढून बोट ठेवत राहतं.

मी बोट ठेवत गेले. सीताराम बनाजी पवार. जोसेफ डेव्हिड पेजारकर. चिमणलाल डी. शेठ. इथे मी थांबले. मराठी विरुद्ध गुजराती म्हणून ज्या लढ्याची गोष्ट सांगितली जाते, त्याच्या हुतात्म्यांत चिमणलाल शेठ. पुढे के. जे. झेवियर, पी. एस. जॉन, वेदीसिंग, रामचंद्र भाटिया. यांतले किती जण मोर्चात घोषणा देत होते आणि किती जण कामावरून घरी निघाले होते, ते यादी सांगत नाही. गोळी भाषा विचारून लागत नाही हे खरं, पण शहर कसलं होतं हेही त्या नावांतून दिसतं. स्मारकावरचे शेतकरी आणि कामगार ही नावं पोटात घेऊ शकत नाहीत. त्यांच्या अंगावर धोतर आणि मनगटात ताकद एवढंच आहे. म्हणजे वीरगळाच्या अगदी उलट झालं. तिथे नाव नाही आणि लढाई आहे. इथे नावं आहेत, लढाई नाही. दोन्ही एका दगडावर असतील अशी जागा मला अजून तरी दिसलेली नाही.

आजी शेवटच्या वर्षी आमच्याकडेच होती. दिसायचं कमी झालं होतं, कान मात्र तल्लख. एका दुपारी मी तिला ती यादी वाचून दाखवायला घेतली. उद्देश काय होता मला सांगता येणार नाही. बहुतेक माझी तारीख आणि तिची खिडकी यांची गाठ पडावी असं वाटत असावं. ती डोळे मिटून ऐकत होती. पवार, पेजारकर, शेठ, कामतेकर. चेहऱ्यावर काही नाही. पंधरा-एक नावं झाल्यावर आलं: "गजानन ऊर्फ बंडू गोखले."

हुतात्म्यांच्या यादीत 'ऊर्फ बंडू' लिहिलेलं पाहून मला चमत्कारिक वाटलं होतं. ते घरातलं नाव होतं, जेवायला हाक मारायचं नाव.

आजीने डोळे उघडले. "बंडू?" ती म्हणाली. "गोखल्यांचा? कुठल्या चाळीतला?"

यादीत चाळ लिहिलेली नव्हती.